घरच्या गणपतीचं शेअर्ड डॉक्युमेंट आत्याला नीट ऐकता येईल असं कसं बनवायचं

ज्यांच्या घरात कोणाला दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, आणि घरातले सगळे मिळून एखादं गूगल डॉक वापरतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण आमच्या घरचंच घेते. कणकवलीकडे गावच्या घरी गणपती असतो, आणि कोण कधी पोचणार, सामान कोण आणणार, कुठल्या दिवशी कोणाकडे काय काम, हे सगळं एका डॉकमध्ये असतं. माझी आत्या पूर्ण अंध आहे, शिक्षिका होती, आता रिटायर झाली, आणि नैवेद्याचं आणि पाहुण्यांचं सगळं नियोजन तीच बघते. म्हणजे डॉक सगळ्यात जास्त तीच वापरते, लॅपटॉपवर एनव्हीडीएने आणि फोनवर टॉकबॅकने.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी, हे दोन्ही स्क्रीन रीडर आहेत, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम. टॉकबॅक बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतो, आणि एनव्हीडीए विंडोजसाठी फुकट मिळतो, तो 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी सुरू केला, ते स्वतः अंध आहेत. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, स्क्रीन रीडरला पान दिसत नाही, त्याला फक्त एकामागून एक येणारा मजकूर आणि त्यावर लावलेल्या खुणा कळतात. तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंय, लाल केलंय, उजव्या कोपऱ्यात चौकट टाकलीय, यातलं त्याच्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

आधी विचारून घ्या

काही करायच्या आधी त्या माणसाला विचारा की तू कसं वाचतेस, ऐकून की अक्षर मोठं करून. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी कामं वेगळी असतात: अक्षर मोठं, काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं, मजकूर डावीकडे लावलेला, दोन्ही बाजूंनी ताणलेला नको कारण मग शब्दांमध्ये मोठमोठी भोकं पडतात आणि मोठं करून बघताना ओळ हरवते. इथून पुढचं मुख्यतः ऐकून वाचणाऱ्यांसाठी आहे, पण हेडिंग आणि क्रम नीट असला तर थोडं दिसणाऱ्यांनाही सोपं जातंच.

फॉन्ट तपासा, मराठीत ही पहिली पायरी

मराठीत हे सगळ्यात आधी करावं लागतं आणि परदेशातल्या गाइडमध्ये हे बहुतेक नसतंच. जुन्या फाइल्स श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. बघायला सुंदर देवनागरी, पण आत खरी अक्षरं इंग्रजी किंवा कसलीतरी चिन्हं असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे पूजेच्या सामानाच्या यादीऐवजी कानावर नुसता कचरा येतो.

ओळखायचं कसं, तर मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये किंवा नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथे मराठीच दिसलं तर तो युनिकोड आहे, काळजी नाही. `fo'ks"k` असलं काहीतरी दिसलं तर तो जुना फॉन्ट. तो युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात, पण बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घालाच, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात. यादी छोटी असेल तर सरळ परत टाइप केलेली बरी.

स्कॅन केलेल्या कागदाचंही तसंच, भटजींनी दिलेल्या यादीचा फोटो काढून डॉकमध्ये टाकला तर आत मजकूर नाहीच, नुसतं चित्र आहे. त्याचं काय करायचं ते फोटोंच्या भागात सांगते.

वाचायचा क्रम

आमच्या डॉकमध्ये कोणीतरी कामांची यादी अशी लिहिली होती, मधे स्पेसबार दाबून दाबून दोन रकाने केलेले:

```
सकाळची कामं            संध्याकाळची कामं
फुलं आणणं - दादा         आरतीची तयारी - वहिनी
दूध - काका               प्रसाद - ताई
```

डोळ्यांना छान आहे. पण स्क्रीन रीडर ओळीने डावीकडून उजवीकडे जातो, त्याला मधली मोकळी जागा म्हणजे रकाना हे कळत नाही. आत्याला ऐकू येतं: "सकाळची कामं संध्याकाळची कामं फुलं आणणं दादा आरतीची तयारी वहिनी दूध काका प्रसाद ताई". आता प्रसाद काकांकडे की ताईकडे, सकाळी की संध्याकाळी, हे ऐकून कसं कळणार?

यावर उपाय म्हणजे रकाने सोडून द्या आणि एकाखाली एक लिहा. आधी सकाळची कामं असं हेडिंग, खाली खरी बुलेट लिस्ट, मग संध्याकाळची कामं, खाली त्याची लिस्ट. खरी म्हणजे टूलबारवरच्या बटणाने केलेली, हाताने डॅश टाकलेली नाही, कारण खऱ्या लिस्टमध्ये स्क्रीन रीडर सांगू शकतो की आता लिस्ट सुरू झाली आणि आता संपली.

टेबल वाईट असतं असं नाही. माहिती खरंच रकान्यांची असेल, जसं की कोण, कुठून, कुठल्या गाडीने, कधी पोचणार, तर टेबलच करा, फक्त साधं ठेवा. वरची पहिली ओळ रकान्यांच्या नावांची, सेल एकमेकांत मर्ज करायचे नाहीत, आणि रिकामा सेल सोडण्यापेक्षा "ठरलं नाही" असं लिहा, नाहीतर ऐकणाऱ्याला कळत नाही की माहिती नाहीये की वाचायची राहून गेली. टेबल एकेक आडवी ओळ घेऊन, सेलमागून सेल असं वाचलं जातं, त्यामुळे प्रत्येक ओळ एकटी ऐकली तरी अर्थ लागला पाहिजे. "दादा, ठाणे, कोकणकन्या, शनिवारी सकाळी" हे लागतं. आणि नुसती पानाची मांडणी छान दिसावी म्हणून टेबल वापरू नका.

दुसरी भानगड म्हणजे तरंगणारे फोटो आणि चौकटी. गूगल डॉक्समध्ये फोटोवर क्लिक केलं की खाली छोटी पट्टी येते, तिच्यात `In line`, `Wrap text` असे पर्याय असतात. नेहमी `In line` घ्या. मग फोटो मजकुरातल्या एका अक्षरासारखा आपल्या जागी बसतो आणि वाचताना तिथेच येतो. बाकीच्या पर्यायांमध्ये तुम्हाला तो गौरीच्या परिच्छेदाशेजारी दिसतो पण आत तो भलत्याच ओळीला बांधलेला असू शकतो. वर्डमध्येही हेच, तिथे `In Line with Text` असं नाव आहे. आणि महत्त्वाचा मजकूर ड्रॉइंगच्या किंवा टेक्स्ट बॉक्सच्या चौकटीत कधीच ठेवू नका. "विसर्जन 5 वाजता निघायचं" हे वाक्य आमच्याकडे कोणीतरी फुलांची नक्षी असलेल्या चौकटीत टाकलं होतं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाची ओळ आत्याला ऐकूच येत नव्हती!

क्रम बरोबर आहे का हे बघायची सोपी ट्रिक: सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वरून खाली वाचा. फोटो गेले, रंग गेले, ड्रॉइंगमधलं लिखाण गेलं. जे उरलं तेवढ्यावर काम भागतंय का बघा. जिथे तुम्ही अडखळाल तिथे ऐकणारा माणूसही अडखळणार.

हेडिंग

डोळस माणूस डॉक उघडतो, झरकन खाली सरकवतो आणि "विसर्जन" दिसलं की थांबतो. ऐकून वाचणाऱ्याला हे करायचं असेल तर हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारणं हाच रस्ता, नाहीतर पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसायचं. आता गोम अशी की आपण बहुतेक जण ओळ बोल्ड करतो, साइज वाढवतो, अंडरलाइन मारतो आणि समजतो हेडिंग झालं. ते नुसतं जाड अक्षर झालं, स्क्रीन रीडरसाठी ती इतर ओळींसारखीच एक ओळ.

खरं हेडिंग करायला ओळीवर कर्सर ठेवा आणि टूलबारवर जिथे `Normal text` लिहिलेलं असतं तिथून `Heading 1`, `Heading 2` निवडा. लॅपटॉपवर `Ctrl+Alt+1`, `Ctrl+Alt+2` ने पटकन होतं, वर्डमध्येही हेच शॉर्टकट चालतात. फोनच्या अॅपमध्ये ओळ सिलेक्ट करून वरचं `A` दाबलं की स्टाइलचा पर्याय सापडतो. दिसायला फार मोठं वाटलं म्हणून `Heading 2` सोडून `Heading 4` घेऊ नका, आकडा आकारासाठी नाहीये, तो सांगतो की हे कशाच्या पोटात आहे. आकार आवडत नसेल तर तो बदलून मग त्याच मेनूतून `Update 'Heading 2' to match` करा, सगळीकडे तसं होईल.

आमच्या डॉकचा सांगाडा आता असा आहे:

```
Heading 1: गणपती, गावचं घर
  Heading 2: बदल
  Heading 2: कोण कधी पोचणार
  Heading 2: सामान
    Heading 3: पूजेचं सामान
    Heading 3: किराणा
    Heading 3: माटवीचं सामान
  Heading 2: चतुर्थी, मूर्ती आणि मोदक
  Heading 2: ऋषिपंचमी, ऋषीची भाजी
  Heading 2: गौरी, आवाहन ते विसर्जन
  Heading 2: फोटो
```

इथे शब्दांकडे बघा. आधी दिवसांची हेडिंगं "गणपतीचा पहिला दिवस", "गणपतीचा दुसरा दिवस" अशी होती. ऐकताना प्रत्येक वेळी "गणपतीचा" हा शब्द संपेपर्यंत थांबायचं, मग कळणार कुठला दिवस. स्क्रीन रीडर वापरणारे लोक पहिला शब्द ऐकतात आणि नको असेल तर लगेच पुढची उडी मारतात, म्हणून वेगळेपणा सांगणारा शब्द आधी आला पाहिजे. चतुर्थी, ऋषिपंचमी, गौरी, ऐकताक्षणी कळतं.

आणि प्रत्येक ओळीला हेडिंग करू नका. जिथे कोणी उडी मारून यावं असं वाटतं तिथेच करा, नाहीतर उड्या मारूनही सगळं डॉकच ऐकावं लागतं.

वाचणाऱ्याच्या बाजूने काय करायचं तेही माहीत असू द्या, कारण पहिल्यांदा तुम्हालाच दाखवावं लागेल. गूगल डॉक्स लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये वापरताना आधी `Ctrl+Alt+Z` ने स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करायचा. मग `Ctrl+Alt` दाबून धरून `N` आणि मग `H` दाबलं की पुढचं हेडिंग, `P` आणि `H` दाबलं की मागचं. आत्याला हे बोटांना त्रासाचं वाटतं, ती डॉक वर्ड फाइल म्हणून डाउनलोड करते आणि तिथे एनव्हीडीएचा ब्राउझ मोड चालू करून नुसतं `H` दाबत जाते. वाचायला हे फार सोपं आहे, फक्त ती कॉपी असते, तिच्यात केलेले बदल आपल्या डॉकमध्ये येत नाहीत, हे सांगून ठेवा.

फोटोंचं वर्णन

लॅपटॉपवर फोटोवर राइट क्लिक करून `Alt text` घ्या किंवा फोटो सिलेक्ट करून `Ctrl+Alt+Y` दाबा, जी चौकट येईल तिच्यात वर्णन लिहा. वर्डमध्येही राइट क्लिकवर `Alt Text` मिळतं, तिथे मात्र कधीकधी वर्ड स्वतःहून काहीतरी वर्णन भरून ठेवतो, ते वाचून बघा आणि बहुतेक वेळा खोडून स्वतः लिहा.

काय लिहायचं याचा विचार फोटोत काय आहे इथून सुरू करू नका, तो फोटो डॉकमध्ये कशासाठी टाकलाय इथून करा. आमच्याकडे मागच्या वर्षीच्या माटवीचा फोटो आहे. माटवी म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला फळं, भाज्या, रानातल्या वस्तू बांधतात. भावाने वर्णन लिहिलं होतं "सुंदर सजवलेली माटवी". आत्या म्हणाली, "अगं सुंदर असणारच की, कुठे काय बांधलंय ते सांग ना, त्यावरून मी सामान मोजते." मग असं लिहिलं:

"मागच्या वर्षीची माटवी, समोरून. चारी कोपऱ्यांना आंब्याचे टाळ, मधोमध नारळाची पेंड, तिच्या डावीकडे तवसं आणि उजवीकडे चिबूड, पुढच्या पट्टीला कवंडळं."

याच्यावरून ती फोनवर सांगू शकते की टाळ चार हवेत आणि या वर्षी चिबूड कोण आणतंय ते विचारा. तोच फोटो उद्या नातेवाइकांना आठवण म्हणून पाठवायच्या डॉकमध्ये टाकला तर वर्णन वेगळं होईल, तिथे समोर कोण कोण बसलंय आणि मूर्ती कशी आहे ते यायला पाहिजे.

सुरुवात "या फोटोमध्ये" किंवा "चित्र:" अशी करायची गरज नाही, हे चित्र आहे असं स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. एक-दोन वाक्यं, फार तर तीन. कारण हे वर्णन बहुतेक वेळा एका दमात वाचलं जातं, मधेच थांबून मागचा शब्द परत ऐकणं किंवा त्यातला नंबर कॉपी करणं अवघड असतं. त्यामुळे जे मोठं आहे किंवा परत परत लागणार आहे ते वर्णनात कोंबायचं नाही, खाली साध्या मजकुरात लिहायचं.

तिकिटाचा स्क्रीनशॉट घ्या. गाडी, तारीख, डबा, सीट, पोचायची वेळ हे सगळं फोटोखाली टाइप करा आणि वर्णनात फक्त "दादाच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट, माहिती खाली लिहिली आहे" एवढंच. खरं तर मग स्क्रीनशॉटची गरजच उरत नाही, काढून टाका, तसंही पीएनआर आणि नावं असलेलं तिकीट वीस जणांच्या डॉकमध्ये कशाला? भटजींच्या हाताने लिहिलेल्या यादीचंही तेच, पूर्ण टाइप करायची. अक्षर लागत नसेल तिथे "इथे अक्षर लागत नाही, विचारायचं" असं लिहा, अंदाजाने भरू नका, कारण तिला मूळ कागद बघून खात्री करता येणार नाही.

नुसत्या शोभेच्या चित्रांना, वेलबुट्टी, कोपऱ्यातला मोदक, वर्डमध्ये `Decorative` अशी खूण करता येते, मग स्क्रीन रीडरला कळतं की हे नुसतं सजावटीचं आहे. गूगल डॉक्समध्ये मी ती सरळ काढूनच टाकते.

झालेली कामं, रंग आणि इमोजी

शेअर्ड डॉकमध्ये हे फार होतं. काम झालं की कोणी त्यावर आडवी रेघ मारतं, कोणी हिरवं करतं, आणि जे तातडीचं ते लाल. एनव्हीडीए साध्या सेटिंगमध्ये रेघही सांगत नाही आणि रंगही सांगत नाही. म्हणजे किराणा कालच आला तरी आत्याच्या कानाला तो अजून आणायचाच आहे. म्हणून ओळीच्या सुरुवातीलाच शब्द लिहायचा: "झालं: तांदूळ, काका" किंवा "बाकी: कापूर, वहिनी". रंग करायचा तर खुशाल करा, पण शब्द पाहिजेच. शिवाय `Ctrl+F` ने "बाकी:" शोधलं की सगळी उरलेली कामं एकामागून एक सापडतात, हे आमच्याकडे आता सगळेच वापरतात.

इमोजीचं नाव वाचलं जातं, त्यामुळे ओळीच्या शेवटी सहा हात जोडलेले टाकले तर ते ऐकत बसावं लागतं. एखादा ठीक आहे. लिंक टाकताना लांबलचक पत्ता तसाच चिकटवू नका, "कणकवली स्टेशनपासून घराचा नकाशा" असे शब्द लिहून त्यांना लिंक लावा. आणि तारीख 12/9 अशी नको, "12 सप्टेंबर, शनिवार" अशी पूर्ण.

स्वतः ऐकून बघा

विंडोजवर `Windows+Ctrl+Enter` दाबलं की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू होतो, परत तेच दाबलं की बंद. फोनवर सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतो. पण चालू करायच्या आधी बंद कसा करायचा ते बघून घ्या, कारण चालू झाल्यावर फोनची वागणूक बदलते: एकदा टॅप केलं की नुसतं वाचतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट.

मराठी मजकूर आला की आवाज गप्प होत असेल किंवा विचित्र वाचत असेल तर लगेच डॉकला दोष देऊ नका, फोनवर किंवा लॅपटॉपवर मराठी आवाज घातलेला नसेल. गूगलच्या स्पीच सर्व्हिसमध्ये मराठी आहे, आणि एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्येही आहे, थोडा यांत्रिक वाटतो पण वेगाने ऐकणाऱ्यांना चालतो.

मग खरी परीक्षा, त्या माणसाला एक नेमका प्रश्न द्या आणि तुम्ही गप्प बसा. "ऋषीच्या भाजीचं सामान कोण आणतंय?" असा. ती कुठे उडी मारते, कुठे अडते, कुठे परत मागे जाते ते बघा. "कसं वाटलं डॉक" असं विचारलं तर घरची माणसं प्रेमाने छान आहे म्हणतात आणि विषय संपतो.

बाकीच्यांनी परत बिघडवू नये म्हणून

शेअर्ड डॉक आहे, आज नीट केलं की उद्या कोणीतरी मधेच तीन फोटो आणि दहा एंटर टाकून जाणार. रिकाम्या एंटरवर दर वेळी "ब्लँक" असं ऐकू येऊ शकतं, लोकांना वाटतं डॉक संपलं. आम्ही नियम डॉकच्या वर लिहिले नाहीत, कारण ते दर वेळी आत्यालाच पहिले ऐकावे लागले असते, ते फॅमिली ग्रुपवर पिन केले. मोजकेच आहेत: हेडिंग मेनूतून करायचं, फोटो शेवटच्या "फोटो" भागात वर्णनासकट टाकायचा, आणि काम झालंय की बाकी आहे ते शब्दात लिहायचं.

आणि सांगाड्यात वर "बदल" नावाचं हेडिंग बघितलं असेल, ते आत्याने स्वतः मागून घेतलं. आपल्याला डॉक उघडल्यावर नवीन काय आलं ते नजरेला दिसतं, तिला मात्र ते शोधायला सगळं परत ऐकावं लागायचं. आता जो कोणी काही बदलतो तो तिथे सगळ्यात वर एक ओळ लिहितो, तारीख, नाव आणि कुठल्या हेडिंगखाली काय बदललं: "3 सप्टेंबर, वहिनी: सामान, किराणा, गूळ दोन किलोचा तीन किलो केला." आठवडाभरापेक्षा जुन्या ओळी दादा काढून टाकतो, नाहीतर तो भागच सगळ्यात लांब होऊन बसतो.